एच-१बीचं प्रीमियम प्रोसेसिंग: पैसे भरल्यावर काय लवकर होतं आणि काय होत नाही

अमेरिकेत एच-१बीवर काम करणाऱ्या मराठी घरांत 'प्रीमियम टाकलंय का?' हा प्रश्न हमखास निघतो. तो विचारताना बहुतेकांच्या मनात असतं की पैसे भरले म्हणजे पंधरा दिवसांत काम झालं. त्या भरवशावर लोक डिसेंबरची विमानाची तिकिटं काढतात, जुन्या नोकरीचा राजीनामा देतात, भारतात हॉल बुक करतात. यातल्या काही गोष्टींना प्रीमियमचा खरोखर उपयोग होतो, काहींचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. ही फी नेमकी कशाची, तिचं घड्याळ कधी चालतं, कधी थांबतं आणि आपली अडचण त्या घड्याळाच्या आत आहे की बाहेर, हे पैसे भरण्याआधी कसं तपासायचं ते इथे सविस्तर सांगतो. आपल्या केसमध्ये काही वेगळं गुंतलं असेल तर शेवटचा शब्द कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचाच घ्यावा.

फी कशाची आहे

एच-१बीचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१२९ची पिटिशन, कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, दाखल करते. तिच्यासोबत किंवा नंतर फॉर्म आय-९०७ जोडून जादा फी भरली की ती पिटिशन प्रीमियममध्ये जाते. १ मार्च २०२६ पासून ही फी २,९६५ डॉलर आहे. त्याआधी ती २,८०५ डॉलर होती. २००१ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा १,००० डॉलर लागत.

या पैशांच्या बदल्यात यूएससीआयएस एकच वचन देतं: कामकाजाच्या पंधरा दिवसांच्या आत आम्ही या पिटिशनवर काहीतरी कृती करू. ती कृती चारपैकी कोणतीही असू शकते. मंजुरी, नामंजुरी, आणखी पुरावे मागणारं पत्र, ज्याला सगळे आरएफई म्हणतात, किंवा नामंजूर करण्याचा इरादा कळवणारी नोटीस, आणि चौथी म्हणजे फसवणुकीच्या संशयावरून चौकशी उघडणं. यांपैकी काहीही मुदतीत झालं तर वचन पाळलं गेलं असंच धरतात. अर्ज नामंजूर झाला म्हणून फी परत मिळत नाही, आरएफई आली म्हणूनही नाही. मुदत उलटूनही काहीच केलं नाही, तरच प्रीमियमची फी परत करतात आणि केसवरचं काम पुढे चालू ठेवतात.

तेव्हा विकत मिळतो तो अधिकाऱ्याचा लक्ष देण्याचा क्रम. निकालाचे निकष तेच राहतात. पद 'स्पेशालिटी ऑक्युपेशन' आहे का, पदवीचा विषय कामाशी जुळतो का, पगार लेबर कंडिशन अॅप्लिकेशनमध्ये लिहिल्याइतका आहे का, ग्राहकाच्या जागी काम असेल तर तिथलं काम खरं आहे का, हे सगळं प्रीमियममध्येही तसंच तपासलं जातं. कच्च्या पिटिशनला प्रीमियमने मजबुती येत नाही. तिचा कच्चेपणा फक्त लवकर उघड होतो.

पहिली पायरी: आपला कागद कोणाच्या टेबलावर आहे ते पाहा

प्रीमियम फक्त यूएससीआयएसच्या टेबलावर चालतं, तेही ठरावीक अर्जांसाठी. म्हणून सगळ्यात आधी एका कागदावर आपल्या कामाचे टप्पे लिहून काढावेत आणि प्रत्येक टप्प्यासमोर तो कोणत्या खात्याकडे आहे ते लिहावं. निम्मे गैरसमज इथेच मिटतात.

एक्स्टेन्शन किंवा ट्रान्स्फर घेतलं तर पहिला टप्पा कंपनीच्या आतला असतो: वकिलाला माहिती देणं, मॅनेजरकडून कामाचं वर्णन मिळवणं, सह्या. दुसरा टप्पा अमेरिकेच्या कामगार खात्याचा. लेबर कंडिशन अॅप्लिकेशन, म्हणजे एलसीए, त्या खात्याकडून प्रमाणित होऊन यायला कामकाजाचे सात दिवस लागतात आणि तिथे पैसे भरून वेग वाढवण्याची कोणतीही सोय नाही. तिसरा टप्पा यूएससीआयएसचा. प्रीमियम चालतं ते फक्त इथे. चौथा टप्पा, व्हिसाचं स्टॅम्पिंग, परराष्ट्र खात्याच्या वकिलातीत होतो. पाचवा विमानतळावर, तिथल्या सीमा अधिकाऱ्यासमोर. पाच टप्प्यांपैकी एकाची फी भरून पाचही टप्पे धावतील अशी अपेक्षा ठेवली की फसगत ठरलेली.

याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण नोकरी गेलेल्यांचं. नोकरी सुटल्यावर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, आणि त्याआधीच आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतीची नोंद, संपत असेल तर त्याहून कमी. त्या काळात नव्या कंपनीची पिटिशन यूएससीआयएसकडे पोहोचायला हवी. माणसं घाबरून विचारतात, 'प्रीमियमने होईल ना?' पण त्या मुदतीत पिटिशन दाखल होणं पुरेसं असतं, मंजूर होणं गरजेचं नसतं. खरा वेळ जातो तो मुलाखतीच्या फेऱ्यांत, ऑफर लेटरमध्ये आणि एलसीएच्या त्या सात दिवसांत, आणि त्यावर प्रीमियमचा काही उपाय नाही. अशा वेळी नव्या कंपनीच्या एचआरला पहिल्याच दिवशी सांगावं की एलसीए आजच टाका, बाकीचे कागद मागून जमवू.

दुसरी पायरी: अर्ज कोण करतो, पैसे कोण भरतो

एच-१बीसाठी आय-९०७ कंपनी किंवा तिचा वकील दाखल करतो. कर्मचारी स्वतः करू शकत नाही, आणि केसची चौकशीही सहसा त्याला थेट करता येत नाही. म्हणून प्रीमियम हवं असेल तर पहिली विनंती एचआरकडे, लेखी, कारणासकट.

पैशांचा प्रश्न नाजूक आहे. एच-१बीच्या काही फी कायद्याने कंपनीनेच भरायच्या असतात. प्रीमियमच्या फीचं तसं सरसकट नाही. कंपनीला तिच्या कामासाठी घाई असेल, उदाहरणार्थ प्रकल्प सुरू व्हायचा आहे, तर तो कंपनीचा खर्च. कर्मचाऱ्याला स्वतःच्या कारणासाठी घाई असेल, उदाहरणार्थ भारतात जायचं आहे, तर तो स्वतः भरू शकतो. पण त्यामुळे त्याचा पगार एलसीएतल्या किमान पगाराच्या खाली जाता कामा नये. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीच्या दिरंगाईमुळे वेळ कमी उरला असेल आणि एचआर म्हणत असेल की 'प्रीमियमचे पैसे तू दे', तर मान डोलावण्याआधी त्या दिरंगाईच्या तारखा ईमेलमधून काढून समोर ठेवाव्यात. बऱ्याचदा एवढ्यानेच कंपनी फी भरते.

कागद पाठवताना दोन चुका वारंवार होतात. पहिली फीची. फी बदलल्यानंतरही जुनी रक्कम पाठवली तर अर्ज परत येतो आणि घड्याळ सुरूच होत नाही. दुसरी चूक पैसे भरण्याच्या पद्धतीची. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जांसोबत चेक चालत नाहीत. कार्डाने भरायचे तर फॉर्म जी-१४५० आणि अमेरिकेतल्या बँक खात्यातून द्यायचे तर फॉर्म जी-१६५० जोडावा लागतो. कार्डाची मर्यादा कमी असेल आणि व्यवहार नाकारला गेला तरी अर्ज परत येऊ शकतो. म्हणून फी स्वतःच्या कार्डाने भरत असाल तर आदल्या दिवशी बँकेला कळवून ठेवावं. तिसरी गोष्ट पत्त्याची: प्रीमियमच्या अर्जांचे पत्ते वेगळे असतात, आणि घड्याळ सुरू होतं ते योग्य पत्त्यावर योग्य फीसह अर्ज पोहोचल्यावर.

आधी साधी पिटिशन टाकून नंतर प्रीमियम लावता येतं. त्याला 'अपग्रेड' म्हणतात. तेव्हा घड्याळ आय-९०७ पोहोचल्या दिवसापासून चालतं, मूळ पिटिशनच्या तारखेपासून नाही. ही सोय असल्यामुळे सुरुवातीलाच पैसे भरण्याची सक्ती नसते. पिटिशन वेळेवर टाकावी, काही आठवडे वाट पाहावी, गरज वाटली तर अपग्रेड करावं. पुष्कळांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तिसरी पायरी: दिवस नीट मोजा

१ एप्रिल २०२४ पासून हे पंधरा दिवस कामकाजाचे धरतात. शनिवार, रविवार आणि अमेरिकेच्या संघीय सुट्ट्या वगळायच्या. म्हणजे कॅलेंडरवर साधारण तीन आठवडे, सुट्टी आली तर त्याहून जास्त.

एक केस तारखांसकट पाहू. न्यू जर्सीतला एक अभियंता, मूळचा साताऱ्याचा. त्याचं आय-९४ ३० सप्टेंबर २०२६ रोजी संपतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का आधीच संपलेला आहे. बायको एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आहे आणि ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करते. तिचंही कार्ड ३० सप्टेंबरलाच संपतं. डिसेंबरमध्ये साताऱ्यात भावाचं लग्न आहे. एक्स्टेन्शनची पिटिशन सहा महिने आधी, म्हणजे एप्रिलपासूनच टाकता आली असती. कंपनीने जूनमध्ये टाकली, पण प्रीमियमसह, त्यामुळे सगळे निश्चिंत.

पाकीट सोमवारी, ८ जूनला पोहोचलं. मोजणी दुसऱ्या दिवसापासून करू. ९ ते १२ जून हे चार दिवस, १५ ते १८ जून आणखी चार. शुक्रवारी १९ जूनला जूनटीन्थची संघीय सुट्टी, तो दिवस धरायचा नाही. २२ ते २६ जून पाच दिवस, म्हणजे एकूण तेरा. २९ जून चौदावा आणि ३० जून पंधरावा. शेवटची तारीख ३० जून.

चौदाव्या दिवशी, २९ जूनला, केसच्या स्टेटसमध्ये ओळ बदलली: `Request for Additional Evidence Was Sent`. आरएफई आली. अधिकाऱ्याने मुदतीत कृती केली, प्रीमियमचं वचन पूर्ण झालं. आणि घड्याळ थांबलं.

इथे लोक एक हिशेब चुकवतात. त्यांना वाटतं, चौदा दिवस झाले होते, उत्तर दिलं की एकच दिवस उरला. तसं नाही. उत्तर यूएससीआयएसकडे पोहोचल्यावर नवं, पूर्ण पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं. आणि उत्तर देईपर्यंत मधला जो काळ जातो तो कोणत्याच घड्याळात मोजला जात नाही. आरएफईला उत्तर द्यायला बऱ्याचदा बारा आठवड्यांपर्यंतची मुदत असते. नेमकी तारीख पत्रावर लिहिलेली असते.

आपल्या अभियंत्याच्या केसमध्ये पद आणि पदवी यांचा संबंध दाखवणारे पुरावे मागितले होते. आता ग्राहक कंपनीचं पत्र, नव्याने लिहिलेलं कामाचं सविस्तर वर्णन आणि एका प्राध्यापकाचं मत हवं. ग्राहकाच्या कायदा विभागाने पत्रावर सही द्यायला महिना घेतला. उत्तर पोहोचलं १० ऑगस्टला. नवी मोजणी ११ ऑगस्टपासून: त्या आठवड्यात चार दिवस, १७ ते २१ पाच, २४ ते २८ पाच, आणि सोमवारी ३१ ऑगस्टला पंधरावा. मंजुरी आली २६ ऑगस्टला.

८ जून ते २६ ऑगस्ट हे एकूण ७९ दिवस. त्यातले ४२ दिवस आरएफई आल्यापासून उत्तर पोहोचेपर्यंतचे, म्हणजे कंपनी, ग्राहक आणि वकील यांच्यातले. यूएससीआयएसने दोन्ही वेळा मुदत पाळली. २,९६५ डॉलर भरूनही निम्म्याहून जास्त वेळ गेला तो आपल्याच बाजूने.

यावर करण्यासारखी गोष्ट पिटिशन पाठवण्याआधीची आहे. ग्राहकाच्या जागी काम असेल तर त्याचं पत्र, कामाच्या रोजच्या जबाबदाऱ्यांचं टक्केवारीसह वर्णन, पदवीचे विषय त्या जबाबदाऱ्यांशी कसे जुळतात याचा तक्ता, अलीकडच्या पगारपावत्या आणि डब्ल्यू-२ हे सगळं पहिल्याच पाकिटात जावं. 'आरएफई आली तर देऊ' असं वकील म्हणाला तर प्रीमियमच्या केसमध्ये ते ऐकू नये, कारण प्रीमियमची सगळी किंमत त्या पहिल्या पंधरा दिवसांत आहे. आणि आरएफई आलीच, तर सगळे पुरावे एकदाच, एकत्र पाठवावे लागतात. अर्धवट उत्तर पाठवलं तर तेवढ्यावरच निर्णय द्या असं आपण म्हटल्यासारखं धरतात.

प्रीमियममुळे आरएफई जास्त येतात का, हे नेहमी विचारलं जातं. निकष दोन्हीकडे एकच आहेत. पण हेही खरं की मुदतीत काहीतरी करायचंच असताना अधिकाऱ्याला शंका असेल, तर आरएफई हा त्याच्यासाठी नियमाने पूर्ण मान्य असलेला मार्ग आहे. शंकेला जागाच न ठेवणं हे आपल्या हातात.

घड्याळाच्या बाहेर: बायकोचा एच-४ आणि ईएडी

पुन्हा त्या घराकडे येऊ. अभियंत्याची मंजुरी आली, पण पत्नीचं काय? एच-४चं एक्स्टेन्शन, म्हणजे फॉर्म आय-५३९, आणि एच-४ ईएडी, म्हणजे फॉर्म आय-७६५, यांना प्रीमियमची सोय नाही. काही विद्यार्थी आणि ओपीटीच्या अर्जांना आहे, त्यामुळे गोंधळ होतो.

अनेकांना आठवत असेल की एच-१बीला प्रीमियम लावलं की सोबतचा एच-४सुद्धा त्याच सुमारास मंजूर व्हायचा. त्याला आधार होता एका खटल्यातल्या तडजोडीचा. तिच्यानुसार एकत्र दाखल केलेले हे अर्ज यूएससीआयएस एकत्र हाताळत होतं. ती तडजोड जानेवारी २०२५ मध्ये संपली. आता एकत्र हाताळले तर आनंद, पण तसं बंधन नाही आणि पंधरा दिवसांचं वचन त्या अर्जांना लागू नाही.

दुसरा बदल याहून गंभीर. आधी ईएडीचं नूतनीकरण वेळेत टाकलं की जुन्या कार्डाची मुदत आपोआप वाढत असे, ५४० दिवसांपर्यंत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती आपोआप वाढ मिळत नाही. म्हणजे ३० सप्टेंबरला कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर १ ऑक्टोबरपासून तिला काम थांबवावं लागतं. नवऱ्याची स्थिती वेगळी आहे: त्याच कंपनीसाठी एक्स्टेन्शन वेळेत दाखल झालं असेल तर आय-९४ संपल्यावरही तो २४० दिवसांपर्यंत काम करू शकतो. एकाच घरात ज्याला घाई कमी होती त्याच्यासाठी पैसे भरले गेले, आणि जिची नोकरी टांगणीला होती तिच्यासाठी पैसे भरायची सोयच नव्हती.

तिथे उपयोगी पडलं असतं ते लवकर दाखल करणं. एप्रिलमध्ये तिन्ही अर्ज एकत्र गेले असते तर ईएडीला जवळपास सहा महिने मिळाले असते. एच-१बीच्या प्रीमियमचा तिला अप्रत्यक्ष फायदा एवढाच की नवऱ्याचं एक्स्टेन्शन मंजूर झाल्याशिवाय तिचा अर्ज पुढे सरकू शकत नाही, आणि तो अडथळा लवकर दूर होतो. म्हणून जोडीदार ईएडीवर असेल तर एचआरशी बोलताना 'प्रीमियम लावा' यापेक्षा 'सहा महिने आधी, पहिल्याच आठवड्यात टाका' हा आग्रह जास्त महत्त्वाचा.

अशा अर्जांसाठी 'एक्स्पिडाइट रिक्वेस्ट' नावाचा एक वेगळा मार्ग आहे. त्याला फी नाही, पण ती मान्य करणं पूर्णपणे यूएससीआयएसच्या मर्जीवर. मोठं आर्थिक नुकसान किंवा तातडीची मानवी अडचण कागदांनी दाखवावी लागते. नोकरी जाणार एवढंच लिहून भागेल असं धरू नये. कंपनीचं तारखेसह पत्र, घराचा हप्ता, वैद्यकीय खर्च असे ठोस कागद जोडावेत.

घड्याळाच्या बाहेर: स्टॅम्पिंग

आता साताऱ्याचं लग्न. आय-७९७ मंजुरीचा कागद हातात आहे, पण व्हिसाचा शिक्का संपलेला आहे. भारतात गेलं की परतण्याआधी स्टॅम्पिंग करावं लागणार, आणि ते परराष्ट्र खात्याचं काम. यूएससीआयएसला भरलेल्या प्रीमियमचा मुंबईच्या वकिलातीतल्या अपॉइंटमेंटवर काहीही परिणाम होत नाही.

इथली परिस्थिती अलीकडे अवघड झाली आहे. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांसाठी मुलाखतीशिवायचा ड्रॉपबॉक्स बंद आहे आणि आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करा असा नियम आला आहे, त्यामुळे तिसऱ्या देशात पटकन शिक्का मारून येण्याचा जुना रस्ता जवळपास मिटला. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या अनेकांच्या डिसेंबरमधल्या मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. ज्यांची मंजुरी खणखणीत होती असे लोकही भारतात अडकले. मुलाखतीनंतर २२१(जी)ची, म्हणजे निर्णय राखून ठेवल्याची, चिठ्ठी मिळाली तर पुढची तपासणी किती चालेल याला मुदत नसते.

म्हणून प्रवासासाठी प्रीमियम घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: माझ्या पासपोर्टवरचा शिक्का परतीच्या तारखेला चालू असेल का? असेल तर नवी मंजुरी सोबत असणं उपयोगी, आणि प्रीमियमला अर्थ आहे. नसेल तर आधी स्टॅम्पिंगची तारीख मिळते का ते पाहावं, ती मिळाल्यावर त्या तारखेच्या आधी मंजुरी हातात यावी म्हणून प्रीमियम लावावं. उलट क्रमाने केलं तर २,९६५ डॉलर भरून मिळालेला कागद टेबलात पडून राहतो. भारतातून किती दिवस काम करू देणार, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावं.

एफ-१वरून एच-१बीमध्ये बदल मागितलेला असेल तर आणखी एक धोका आहे. तो बदल मंजूर होण्याआधी देश सोडला तर स्टेटस बदलण्याची विनंती सोडून दिली असं धरतात. अशा वेळी जाणं टळत नसेल तर प्रीमियम लावून मंजुरी आल्यावरच निघावं. इथे ही फी अगदी योग्य कारणासाठी खर्च होते. बाकी नव्या एच-१बीबाबत हेही लक्षात ठेवावं की लॉटरीत निवड होण्याशी प्रीमियमचा संबंध नाही, आणि एप्रिल-मेमध्ये मंजुरी आली तरी काम १ ऑक्टोबरच्या आधी सुरू होत नाही.

मग पैसे कधी भरावेत

ट्रान्स्फरमध्ये माझा कल भरण्याकडे आहे. कायद्याने नव्या कंपनीची पिटिशन दाखल होताच तिथे काम सुरू करता येतं. पण ती पुढे नामंजूर झाली, तोवर जुनं आय-९४ संपलं असेल आणि जुनी नोकरीही सोडलेली असेल, तर माणूस अधांतरी राहतो. मंजुरी येईपर्यंत राजीनामा न देण्याची मोकळीक तीन आठवड्यांत विकत मिळत असेल तर ती घ्यावी, आणि ऑफरच्या बोलणीतच फी नव्या कंपनीकडून मागून घ्यावी.

ड्रायव्हिंग लायसन्स हे कारणही खरं आहे. अनेक राज्यांत लायसन्सची मुदत आय-९४शी बांधलेली असते. २४० दिवस काम करायची परवानगी आहे म्हणून लायसन्सच्या खिडकीवरचा कारकून ऐकेलच असं नाही. गाडीशिवाय ऑफिस गाठता येत नाही अशा गावात राहत असाल तर आय-९४ संपायच्या दीड-दोन महिने आधी केसची स्थिती पाहून अपग्रेड करावं.

ग्रीन कार्डच्या वाटेवर आय-१४० पिटिशनला प्रीमियम मिळतं. बहुतेक प्रकारांत पंधरा कामकाजाचे दिवस, तर राष्ट्रहितासाठी सवलत मागणाऱ्या एनआयडब्ल्यू आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांच्या प्रकारात पंचेचाळीस. आय-१४० लवकर मंजूर झालं म्हणून भारतीयांच्या रांगेतली प्रायॉरिटी डेट एक दिवसही पुढे सरकत नाही, आणि त्याआधीच्या कामगार खात्याकडच्या पर्म टप्प्याला प्रीमियम नाही. तरीही सहावं वर्ष जवळ आलेल्याने ते घ्यावं, कारण रांग अडलेली असताना आय-१४० मंजूर असेल तर एच-१बी सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. जोडीदाराला एच-४ ईएडी मागता येतो तोही त्याच मंजुरीवर. मंजुरीला १८० दिवस झाले की जुन्या कंपनीने पिटिशन मागे घेतली तरी तिच्या आधारे एच-१बी वाढवत राहता येतो, आणि ते १८० दिवस जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

त्याच कंपनीत एक्स्टेन्शन, शिक्का चालू, प्रवास नाही, लायसन्सची अडचण नाही, पिटिशन चार-पाच महिने आधी गेलेली: अशा वेळी सुरुवातीला फी भरायची गरज मला दिसत नाही. २४० दिवस हाताशी आहेत आणि अपग्रेडचं दार उघडं आहे. फक्त ते दार कायम उघडं राहील हे गृहीत धरू नये. एप्रिल २०१७ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये यूएससीआयएसने एच-१बीचं प्रीमियम काही महिने बंद ठेवलं होतं. म्हणून अपग्रेड अगदी शेवटच्या आठवड्यावर सोडू नये.

मंजुरी आल्यावर

वकिलाच्या ईमेलमध्ये मंजुरी आली की आय-७९७ची प्रत मागून घ्यावी. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, कंपनीचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख पाहावी. कागदाच्या खालच्या भागात नवं आय-९४ जोडलेलं आहे का ते तपासावं: असेल तर तो आय-७९७ए, म्हणजे इथे राहूनच मुदत वाढली. ते नसलेला आय-७९७बी आला असेल तर पिटिशन मंजूर आहे पण इथला मुक्काम वाढलेला नाही, आणि त्याच दिवशी वकिलाशी बोलायला हवं.

भारतात जाऊन परत आलात की विमानतळावर नवं आय-९४ तयार होतं, आणि सर्वांत शेवटी मिळालेलं आय-९४च धरलं जातं. अधिकाऱ्याला नवी मंजुरी दाखवली नाही तर तो जुन्या व्हिसावरची तारीख घालू शकतो, आणि पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तिथपर्यंतचीच तारीख देतात. म्हणून निघण्याआधी पासपोर्टची मुदत पाहावी, कमी असेल तर भारतीय वकिलातीतून नवा करून घ्यावा. रांगेत उभं असताना आय-७९७ हातात ठेवावं, आणि घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी `i94.cbp.dhs.gov` या संकेतस्थळावर तारीख तपासावी. ती आय-७९७वरच्या शेवटच्या तारखेच्या आधीची निघाली तर स्क्रीनचा फोटो घेऊन लगेच कंपनीच्या वकिलाला पाठवावा, कारण ती संपायच्या आत दुरुस्ती किंवा नवं एक्स्टेन्शन करावं लागतं.